उलटी झाली म्हणून सलाईन नाही

अंतिम वर्षाच्या मुलांना बालरोगाच्या सराव परीक्षेत मी दर वर्षी एक प्रश्न थोडा फिरवून घालते. दहा महिन्यांचं बाळ, वजन ८ किलो. दोन दिवस पाण्यासारखे जुलाब, कालच्या दिवसात बारा वेळा. आज सकाळपासून चार उलट्या. बाळ सारखं किरकिरतंय, डोळे खोल गेलेत, वाटी ओठांशी नेली की झडप घालून पितंय, आणि पोटावरची चिमटी सोडल्यावर कातडी हळू, पण दोन सेकंदांच्या आत, जागेवर जाते. काय द्याल?

पर्यायांत ओआरएस असतं, रिंगर लॅक्टेट असतं, पाच टक्के डेक्स्ट्रोज असतं. वर्गातले बरेच जण रिंगर लॅक्टेटवर खूण करून मोकळे होतात. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "मॅडम, उलट्या होतायत ना!" कुणी म्हणतं, "बारा जुलाब झालेत."

जुलाब किती झाले यावर जलशुष्कतेची पायरी ठरत नाही. बारा वेळा जुलाब होऊनही आईने पाजत ठेवलेलं बाळ ठणठणीत असू शकतं, आणि पाचच जुलाबांत दुसरं बाळ मान टाकू शकतं. आकड्यावरून फार तर अंदाज येतो. पायरी ठरते ती बाळाकडे बघून, आणि बघायच्या गोष्टी चारच आहेत: बाळाची हुशारी, डोळे, पिण्याची पद्धत आणि कातडीची चिमटी.

मधल्या पायरीवर बाळ चिडचिडं असतं, डोळे खोल, तहान भरपूर, चिमटी हळू परतते. तीव्र पायरीवर बाळ सुस्त किंवा बेशुद्ध असतं, डोळे खोल, पिताच येत नाही किंवा कसंबसं पितं, आणि चिमटीला परतायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. कोणत्याही पायरीवर निदान दोन खुणा जुळाव्या लागतात, आणि पाहायला सुरुवात नेहमी तीव्र पायरीपासून करायची. खोल डोळे दोन्हीकडे मोजले जातात हे मुलं विसरतात. खोल डोळ्यांच्या जोडीला दोन सेकंदांहून जास्त वेळ घेणारी चिमटी असेल, तर बाळ किरकिरत असलं तरी ते तीव्र पायरीतच गेलं.

खरी फसगत तहानेपाशी होते. वाटीवर तुटून पडणारं बाळ पाहून पोटात कालवतं आणि वाटतं, किती वाईट अवस्था! पण झडप घालून पिणं ही मधल्या पायरीची खूण आहे. आधी रडणारं बाळ गप्प झालं, पाणी तोंडात घातल्यावर ओठांच्या कडेने ओघळलं, तर काळजी करायची. दवाखान्याच्या रांगेत सगळ्यात मोठ्याने रडणाऱ्याला आधी आत घेतात, आणि खांद्यावर "झोपलेलं" बाळ मागे राहतं. त्याला हलवून जागं करा. जागं होऊन आईकडे बघत असेल तर ती झोप, नाहीतर ती सुस्ती.

चिमटीही नीट घ्यावी लागते. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीने, शरीराच्या उभ्या रेषेत कातडी उचलायची, क्षणभर धरायची आणि सोडायची. आडवी किंवा नखांनी घेतली तर काहीच कळत नाही.

आता आपल्या बाळाकडे येऊ. चारही खुणा मधल्या पायरीच्या. या पायरीवर वजनाच्या पाच ते दहा टक्के पाणी गेलेलं असतं, म्हणजे किलोमागे ५० ते १०० मिली. त्याच्या मधोमध ७५ येतात, म्हणून प्लॅन बी म्हणजे किलोमागे ७५ मिली ओआरएस, चार तासांत. ८ गुणिले ७५, म्हणजे ६०० मिली. तासाला १५०. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण ५ मिलीचा चमचा दर दोन मिनिटांनी दिला की तासाला तीस चमचे होतात, बरोबर १५० मिली.

आणि उलटी? झाली तर दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा सुरू करायचं, जरा आणखी सावकाश. उलटीत सगळं बाहेर पडत नाही, बरंचसं आत राहतं. अनेकदा उलटी होते ती घाईने, बाटलीने, एकदम भरपूर पाजल्यामुळे. जुलाबातही आतड्याच्या अस्तरातली ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत ओढणारी यंत्रणा शाबूत असते, आणि त्यांच्यामागून पाणी जातं. ओआरएसच्या एका लिटरमध्ये दोन्ही ७५-७५ मिलिमोल ठेवलेत ते त्यासाठीच. पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मीठच नाही. ते शिरेतून दिलं तर पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही आणि सोडियम उतरतं. तो पर्याय मी फसवायलाच ठेवते.

तोंडावाटे देणं कुठे थांबतं? बाळ पिऊच शकत नसेल, पोट फुगून आतडी निपचित पडली असतील, किंवा चमच्याने सावकाश देऊनही उलट्या थांबत नसतील आणि खुणा वाढत असतील तर. प्रश्नात नुसतं "उलट्या" लिहिलेलं असलं म्हणजे यातलं काही आलं असं होत नाही.

त्याच बाळाचं वर्णन बदलू. आता ते सुस्त आहे, पाजलेलं गिळत नाही, चिमटी तीन सेकंदांनी परतते. आता सलाईनच हवं, आणि तपासण्यांच्या कागदाची वाट न बघता. किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट, म्हणजे ८०० मिली. वर्षाच्या आतलं बाळ असल्याने पहिल्या तासात किलोमागे ३०, म्हणजे २४० मिली, आणि उरलेले ५६० पुढच्या पाच तासांत. वर्षावरच्या मुलाला हेच अर्धा तास आणि अडीच तास. इथे मुलं वेळांची अदलाबदल करतात. लहान बाळाला सावकाश, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं. शीर मिळत नसेल आणि अर्ध्या तासाच्या अंतरात कुठे सोय नसेल, तर नाकातल्या नळीने ओआरएस, तासाला किलोमागे २० मिली, सहा तास. बाळ प्यायला लागलं की सलाईन चालू असतानाच तोंडानेही द्यायचं.

प्रश्नाचं तिसरं रूप मी क्वचितच देते. तेच दहा महिने, पण वजन ५ किलो, दंडाचा घेर ११ सेंटिमीटर, मांड्यांवर कातडीच्या घड्या. इथे वरचा तक्ता दगा देतो. अतिकुपोषित बाळाची चिमटी पाणी भरपूर असतानाही हळू परतते, डोळे एरवीही खोल असतात. शॉक नसेल तर शिरेतून काही द्यायचं नाही, कारण अशा बाळाचं हृदय तो लोट पेलू शकत नाही. द्रावणही वेगळं, सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असलेलं: किलोमागे ५ मिली, दर अर्ध्या तासाला, पहिले दोन तास. या बाळाला एका वेळी २५ मिली, म्हणजे पाचच चमचे. दर वेळी आधी श्वास आणि नाडी मोजायची. दोन्ही वाढत चालले तर वाटी बाजूला ठेवायची.