उणे अर्धा आला कुठून?

दहावीच्या त्रिकोणमितीत साइनची व्याख्या अगदी सोपी असते: काटकोन त्रिकोणात कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. वर्षभरानंतर तोच विद्यार्थी २१० अंशांच्या कोनाचा साइन काढायला बसतो आणि अडतो. कारण २१० अंशांचा कोन कुठल्याच त्रिकोणात मावत नाही, तिन्ही कोनांची बेरीजच मुळी १८० असते. तरीही कॅल्क्युलेटर क्षणात उणे ०.५ असं उत्तर देतो. लांबी कधी उणे नसते, मग हे उणे आलं कुठून, असा प्रश्न कुणालाही पडावा.

त्याचं उत्तर एका वर्तुळात आहे. कागदावर आडवा X-अक्ष आणि उभा Y-अक्ष काढायचा, आणि ते छेदतात तो आरंभबिंदू केंद्र धरून १ त्रिज्येचं वर्तुळ आखायचं. हेच एकक वर्तुळ. कोन मोजायला सुरुवात होते उजव्या टोकापासून, म्हणजे (१, ०) या बिंदूपासून, आणि फिरायचं घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. जितका कोन तितकं फिरून वर्तुळावर ज्या बिंदूशी थांबाल, त्याचा X-निर्देशक म्हणजे त्या कोनाचा कोसाइन आणि Y-निर्देशक म्हणजे साइन. त्रिकोणाची व्याख्या यात मोडत नाही. लघुकोनासाठी त्या बिंदूपासून X-अक्षावर लंब टाकला की जुनाच काटकोन त्रिकोण मिळतो. फरक इतकाच की कर्ण १ असल्याने भागाकार करावा लागत नाही, बाजूची लांबी हेच उत्तर.

ही १ त्रिज्या सुरुवातीपासून नव्हती. इ. स. ४९९च्या आर्यभटीयातल्या ज्यांच्या सारणीत त्रिज्या ३४३८ धरली आहे. वर्तुळाच्या परिघाचे २१,६०० कलांमध्ये भाग केले, तर त्रिज्याही जवळजवळ तेवढ्याच कलांची भरते, म्हणून हा आकडा. तिथे ३० अंशांची ज्या १७१९ येते, म्हणजे बरोबर त्रिज्येच्या निम्मी. त्रिज्या १ धरण्याची रीत ऑयलरच्या १७४८ सालच्या ग्रंथानंतर रुळली.

३० अंशांना निम्मीच का, हे वर्तुळावर दिसतं. ३० अंशांचा बिंदू घ्या आणि त्याचं X-अक्षाखालचं प्रतिबिंब घ्या. हे दोन बिंदू आणि केंद्र मिळून त्रिकोण होतो. केंद्राशी कोन ६०, दोन बाजू त्रिज्या म्हणून १, अर्थात तिसरी, उभी बाजूही १. X-अक्ष तिचे दोन सारखे भाग करतो, म्हणून वरचा भाग ०.५. आडवं अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने ०.८६६ निघतं. ६० अंशांना हेच दोन आकडे जागा बदलतात आणि ४५ला दोन्ही ०.७०७ असतात. भिंतीवरच्या तक्त्यात वर्तुळावर सोळा बिंदू दाखवलेले असतात, पण पाठ करण्यासारखे आकडे हे तीनच. उरलेलं काम आरशाचं.

आता २१० अंश. उजवीकडून निघून अर्धा फेरा मारला की १८० होतात, बिंदू डाव्या टोकाला. पुढे आणखी ३० अंश गेल्यावर तो खाली उतरून तिसऱ्या चरणात येतो. X-अक्षाशी त्याचा कोन ३०च आहे, म्हणून लांब्या त्याच: उभी ०.५, आडवी ०.८६६. बिंदू केंद्राच्या डावीकडे आहे म्हणून कोसाइन उणे ०.८६६, आणि खाली आहे म्हणून साइन उणे ०.५. चिन्ह लांबीचं नव्हतंच, ते जागेचं होतं.

इथे एक ठरलेली चूक होते. काही जण २७० मधून २१० वजा करून ६० काढतात आणि ६०चे आकडे लावतात. कोन नेहमी आडव्या अक्षापासून धरायचा. शंका आली तर चित्राकडे पाहावं: २१०चा बिंदू डाव्या टोकाच्या जवळ आहे, तेव्हा त्याचं उभं अंतर लहान आणि आडवं मोठंच असायला हवं.

साइन आणि कोसाइनची चिन्हं अशी नुसत्या नजरेने कळतात. टँजंटचं तसं नाही, आणि वर्गात ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’ घोकलं जातं ते मुख्यतः त्याच्यासाठी. पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात फक्त साइन, तिसऱ्यात टँजंट, चौथ्यात कोसाइन. घोकायला हरकत नाही, पण टँजंटही चित्रात दिसतो, आणि तोच या वर्तुळाचा सर्वांत देखणा भाग आहे.

वर्तुळाच्या उजव्या टोकाला स्पर्श करणारी एक उभी रेषा काढा. केंद्रातून बिंदूकडे जाणारी रेषा लांबवली की ती या स्पर्शिकेला जिथे छेदते, त्या जागेची उंची म्हणजे टँजंट. ४५ अंशांना उंची १. ८० अंशांना ५.६७, ८९ अंशांना ५७.२९. ९०ला केंद्रातून निघालेली रेषा स्पर्शिकेला समांतर होते, छेदच होत नाही, म्हणून तिथे टँजंटला किंमतच नाही. दुसऱ्या चरणात बिंदू डावीकडे वर असतो. रेषा स्पर्शिकेपर्यंत न्यायची तर केंद्रातून मागे लांबवावी लागते आणि ती अक्षाच्या खाली छेदते, म्हणून टँजंट उणे. तिसऱ्या चरणातली रेषा मागे लांबवली तर वर छेदते. २१० अंशांची रेषा नेमकी ३०च्याच रेषेवर पडते, म्हणून दोघांचा टँजंट एकच, ०.५७७.

याचाच दुसरा अर्थ असा की टँजंटवरून उलट कोन काढताना समोरासमोरचे दोन बिंदू ओळखू येत नाहीत. समजा, एक वस्तू केंद्रापासून ३ एकक डावीकडे आणि ४ एकक खाली आहे. उणे ४ भागिले उणे ३ म्हणजे १.३३३. कॅल्क्युलेटरवर tan⁻¹ दाबलं की ५३.१३ अंश येतात, म्हणजे वस्तू वर उजवीकडे! भागाकारात दोन्ही उणे चिन्हं एकमेकांना खाऊन गेली. चरण तिसरा आहे हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणून १८० मिळवायचे, की खरा कोन २३३.१३ अंश मिळतो.

संगणकाच्या भाषांमध्ये यासाठी atan2 असतं, ते दोन्ही निर्देशक वेगवेगळे घेतं आणि चरण हरवू देत नाही. पण त्यातही एक मेख आहे. बहुतेक भाषांत आधी Y द्यायचा असतो, एक्सेलमध्ये मात्र आधी X:

```
=DEGREES(ATAN2(-3,-4))
```

उत्तर उणे १२६.८७ येतं. ३६० मिळवले की तेच २३३.१३. क्रम चुकून उलटा दिला तर उणे १४३.१३, म्हणजे २१६.८७ येतील. चरण तिसराच राहतो, त्यामुळे चिन्हं तपासून ही चूक सापडत नाही. वस्तू खाली जास्त आणि डावीकडे कमी आहे, म्हणजे कोन २२५च्या पुढेच हवा, हे पाहिलं तरच ती पकडता येते.