रंग वाहावेत, कालवू नयेत

संगणकावर केलेली लहरती, अमूर्त पार्श्वभूमी आज पुष्कळ मुखपृष्ठांवर दिसते आणि तिच्यातली बरीचशी छापून आल्यावर मवाळ पडते. कडा विरघळलेल्या, दोन छान रंगांच्या मधे राखाडी डाग आणि सगळ्यावर धुरकट साय. याचा दोष बहुतेक वेळा छापखान्याच्या माथी मारला जातो. खरे कारण त्याच्या बरेच आधीचे आहे: रंग वाहवायचे तर ते एकमेकांत मिसळणारच, असे गृहीत धरलेले असते. मार्बलिंगची सगळी जादू नेमकी याच्या उलट आहे. तिथे रंग मैलभर वाहतो, पण शेजाऱ्यात कालवला जात नाही.

तुर्कस्तानातल्या एब्रू या मार्बलिंगच्या पद्धतीत पसरट परातीत डिंकाने दाट केलेले पाणी घेतात. रंगात थोडे बैलाचे पित्त घालतात. त्यामुळे थेंब बुडत नाही, पृष्ठभागावर पसरतो. दुसरा थेंब पडला की तो पहिल्यावर चढत नाही, त्याला बाजूला ढकलून स्वतःची जागा करतो. पाणी दाट आणि हालचाल सावकाश, म्हणून भोवरे उठत नाहीत. मग सुई किंवा कंगवा फिरवला की थेंब ताणले जातात, दुमडतात, केसासारखे बारीक होतात, तरी निळा निळाच राहतो आणि पिवळा पिवळाच.

ही शिस्त गणितात नेमकी मांडता येते. ऑब्री जॅफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गणिती मार्बलिंगवरचा लेख 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा एका सूत्रात आहे. C या जागी r त्रिज्येचा थेंब पडला, तर आधीचा P हा बिंदू कुठे सरकेल?

```
P' = C + (P − C) · √(1 + r²/|P − C|²)
```

थेंबाची त्रिज्या 100 पिक्सेल असेल, तर केंद्रापासून 100 वर असलेला बिंदू 141 वर जातो आणि 300 वरचा 316 वर. जवळचा खूप ढकलला जातो, लांबचा जेमतेम, आणि कुठल्याही रंगाचे क्षेत्रफळ बदलत नाही. (खऱ्या परातीला भिंती असतात, त्यामुळे तिथे आधीचे रंग आक्रसून गडद होतात. सूत्रातला कागद अमर्याद आहे, तेवढा फरक लक्षात ठेवावा.) कंगव्याच्या दाताचेही तसेच: दाताच्या रेषेवर सरक सर्वाधिक, दूर जाऊ तशी ठराविक अंतरागणिक निम्मी. दोन्ही क्रिया उलट फिरवता येतात. म्हणून चित्र पुढे ढकलत न्यायचेच नाही. छापायच्या प्रत्येक पिक्सेलपासून निघून क्रिया उलट क्रमाने सोडवत मागे जायचे आणि तो बिंदू मुळात कोणत्या थेंबात होता हे पाहून त्याचा रंग घ्यायचा. वाटेत एकदाही सरासरी घ्यावी लागत नाही, म्हणून कड कितीही ताणली तरी धारदार राहते.

यावर जाणकारांचा आक्षेप असा असतो की हे खरे द्रव नव्हे. द्रवाची समीकरणे सोडवणारी सिम्युलेशन असताना असली सूत्रे कशाला? जॉस स्टॅम यांनी 1999 मध्ये मांडलेली पद्धत खरोखर भक्कम आहे, कितीही मोठे पाऊल टाकले तरी कोसळत नाही. पण ती प्रत्येक पावलाला शेजारच्या चौकटींच्या मधले मूल्य काढते, आणि शंभर पावलांनंतर या सरासऱ्या साचून कडा विरतात. धुरासाठी हे चालते, किंबहुना शोभते. मार्बलिंगमध्ये मात्र हिशेबाची ही चूक म्हणजे परातीत कधीच न घडलेले मिश्रण असते. दुसरा आक्षेप यांत्रिकपणाचा. तो अर्धाच खरा आहे, कारण एब्रूतही ठराविक नक्ष्या पिढ्यान् पिढ्या त्याच क्रमाने काढल्या जातात. दातांमधली अंतरे आणि थेंबांचे आकार थोडे कमीजास्त केले की शिक्क्याचा वास जातो.

आता एक मुखपृष्ठ हिशेबाने पाहू. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. 300 च्या घनतेला 1650 बाय 2550 पिक्सेल, शिवाय कापणीसाठी चहूबाजूंनी 3 मिलिमीटर. एकाच केंद्रावर 100 त्रिज्येचे 25 थेंब टाकले, तर सर्वांत बाहेरचे कडे 10 पिक्सेल जाड उरते, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या थोडे वर. त्यावरून 160 पिक्सेल ओढणारा कंगवा फिरवला आणि सरक दर 20 पिक्सेलला निम्मी होत असेल, तर दाताजवळ कंगव्याला आडवे येणारे कडे साडेपाच पटींहून अधिक बारीक होते: 1.8 पिक्सेल. 175 रेषांच्या स्क्रीनवर ऑफसेटचा एक डॉट साधारण 1.7 पिक्सेलची जागा घेतो. म्हणजे रेषा डॉटएवढीच झाली आणि शाई नाही, तरी डोळाच रंग कालवू लागला. उपाय साधा आहे: सरक 40 पिक्सेलला निम्मी होऊ द्यावी, म्हणजे तेच कडे सुमारे साडेतीन पिक्सेल राहते.

शीर्षकाच्या जागेचा प्रश्नही याच पद्धतीने सुटतो. नक्षीवर पांढरी चौकट चिकटवण्याऐवजी कंगवा फिरवून झाल्यावर शेवटी एक मोठा, सपाट रंगाचा थेंब टाकावा. रेषा आपणहून वळसा घालून जागा देतात. मात्र 450 त्रिज्येच्या थेंबाखाली केंद्राजवळच्या 50 पिक्सेलांत जे होते, ते सगळे कडेच्या तीन पिक्सेलांत चेंगरते. त्या जागी आधीपासून एकच मोठा, साधा थेंब असला तर कड स्वच्छ येते. नक्षी कुठे थांबवायची हा विचार जुनाच आहे. सतराव्या शतकातल्या विजापुरी चित्रकारांनी बाकीचा भाग झाकून घोड्याच्या नुसत्या शरीरातच मार्बलिंग उतरवले होते.

तरीही काही रेषा पिक्सेलहून बारीक होणारच. तिथे मिश्रण अटळ आहे, तर ते निदान जाणून करावे. एका पिक्सेलात 16 नमुने घेऊन सरासरी काढायची, पण फाइलमधल्या आकड्यांची नव्हे, प्रत्यक्ष प्रकाशाची. निम्मा काळा आणि निम्मा पांढरा यांची आकड्यांची सरासरी 128 येते. प्रकाशाच्या हिशेबाने ती 188 हवी. आकड्यांच्या सरासरीमुळे दाट नक्षीचा भाग उगाच काळवंडतो. शिवाय प्रकाशात निळा अधिक पिवळा म्हणजे राखाडी. रंगपेटीतला हिरवा तिथे मिळत नाही. म्हणून जिथे रेषा दाट होणार, तिथे शेजारचे थेंब एकाच कुळातले ठेवावेत, निळ्याशेजारी मोरपंखी किंवा जांभळा. निळा-पिवळा सामना ऐसपैस जागी रंगू द्यावा.

उरला चित्रावर पेरायचा बारीक कण. सपाट पडद्यावरची शोभा म्हणून तो घालण्यात अर्थ नाही, पण छपाईत त्याला खरे काम आहे. पार्श्वभूमी 200 पासून 215 पर्यंत हळूहळू उजळत असेल, तर मुखपृष्ठाच्या रुंदीत जेमतेम 15 पायऱ्या मिळतात. प्रत्येक पायरी 9 मिलिमीटरची, आणि ते पट्टे दिसतात. आकडे पूर्णांकात बसवण्याआधी अर्ध्या पायरीएवढा गोंगाट मिसळला की पट्टे मोडतात. डोळ्याला जाणवणारा पोत हवा असेल, तर कण तीन-चार पिक्सेलांचा असावा. एका पिक्सेलचा कण डॉटच्या जाळीत हरवतो. तो उजेड-अंधारातच बदलावा. लाल, हिरव्या, निळ्यात वेगवेगळा गोंगाट घातला तर चार शाईंत फोडताना रंगीत पुरळ उठते.

कण कुठल्या जागेवरून मोजायचा, हीच सर्रास होणारी चूक. मागे जाऊन सापडलेल्या मूळ बिंदूवर तो मोजला, तर कणही नक्षीबरोबर ताणला जातो आणि कागदाऐवजी सागवानी फळी दिसू लागते. वाहणे शाईचे असते, कण कागदाचा. म्हणून तो अंतिम पिक्सेलच्या जागेवरून, अंतिम आकारात, सर्वांत शेवटी घालावा. त्यानंतर फाइल मोठी केली की त्याचे डाग होतात आणि जेपीईजी जास्त दाबली की तो पुसला जातो. मॅट लॅमिनेशनखाली गडद-फिक्यातला फरक आणखी उतरतो, म्हणून कणाचा जोर पडद्यावर पाहून ठरवू नये. त्याच कागदावर, लॅमिनेशनसह, पूर्ण आकारात काढलेले प्रूफ हातभर अंतरावर धरून तो ठरवावा.