मुख्य कार्यालय व शाखा यांच्या चालू खात्यांतील फरक : मार्गस्थ माल व मार्गस्थ रोख

प्रस्तावना :
स्वतंत्र हिशेबपुस्तके ठेवणाऱ्या शाखेचे 'मुख्य कार्यालय खाते' आणि मुख्य कार्यालयातील 'शाखा खाते' ही एकाच व्यवहारसंबंधाची दोन रूपे होत. एकाची नावे शिल्लक दुसऱ्याच्या जमा शिलकेइतकी असावी, हे अपेक्षित असते. तथापि पाठविणारा पाठविल्या दिवशी नोंद करतो, तर घेणारा माल वा रक्कम हाती आल्यावर करतो. त्यामुळे ३१ मार्च रोजी या दोन शिलकांत अनेकदा फरक दिसतो. या फरकाची दिशा चूक ओळखण्यास कशी उपयोगी पडते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

उदाहरण :
समजा, पुणे येथील मुख्य कार्यालयाच्या पुस्तकांत नागपूर शाखा खात्याची नावे शिल्लक रु. ४,८०,००० आहे. शाखेच्या पुस्तकांत मुख्य कार्यालय खात्याची जमा शिल्लक रु. ४,२५,००० आहे. फरक रु. ५५,०००. तपासणीअंती असे आढळले की, २९ मार्चला पुण्याहून पाठविलेला रु. ३५,००० चा माल शाखेस ३ एप्रिलला मिळाला, तर ३० मार्चला शाखेने पाठविलेला रु. २०,००० चा धनाकर्ष २ एप्रिलला पुण्यास पोहोचला.

फरकाची दिशा :
माल पुण्याहून निघाला आणि रक्कम नागपूरहून निघाली, तरी दोहोंचा परिणाम एकच झाला. पुण्याने शाखेचे खाते नावे केले, पण शाखेने समांतर जमा नोंद केली नाही. शाखेने मुख्य कार्यालयाचे खाते नावे करून जमा शिल्लक घटविली, पण पुण्याने शाखेचे खाते जमा केले नाही. म्हणजेच मार्गस्थ बाबींमुळे मुख्य कार्यालयाकडील शिल्लकच मोठी दिसते. शाखेकडील शिल्लक मोठी असल्यास कारण अन्यत्र शोधावे. उदाहरणार्थ, शाखेच्या ग्राहकाने परस्पर मुख्य कार्यालयात भरलेली, पण शाखेस न कळलेली रक्कम.

समायोजन :
समायोजन नोंद कोणत्याही एकाच पुस्तकांत करावी. दोन्हीकडे केल्यास फरक उलट दिशेने कायम राहतो. मुख्य कार्यालयात 'मार्गस्थ माल' रु. ३५,००० व 'मार्गस्थ रोख' रु. २०,००० नावे करून शाखा खाते रु. ५५,००० ने जमा करावे. दोन्ही शिलका रु. ४,२५,००० वर जुळतात आणि मार्गस्थ बाबी ताळेबंदात मालमत्ता म्हणून येतात. माल मूळ किमतीवर २५ टक्के वाढवून पाठविला असल्यास त्यातील रु. ७,००० अप्राप्त नफा वजा करावा. १ एप्रिलला ही नोंद उलटविणे आवश्यक आहे. अन्यथा धनाकर्ष मिळाल्यावर शाखा खाते त्याच रकमेने पुन्हा जमा होईल.

निष्कर्ष :
केवळ फरक जुळविण्यासाठी आकडा 'मार्गस्थ' ठरविणे धोक्याचे आहे. मालवाहतुकीची पावती आणि एप्रिलमधील प्रत्यक्ष प्राप्ती हाच त्याचा पुरावा होय. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी सेवा अहोरात्र उपलब्ध आहे. त्यामुळे त्या मार्गाने पाठविलेली रक्कम अनेक दिवस 'मार्गस्थ' दाखविली असल्यास, ती कालांतर नसून चूक वा अपहार असण्याची शक्यता तपासली पाहिजे.