खेळण्याच्या खोक्यावर काय लिहिलेलं असतं?

दोन आठवड्यांपूर्वी मंडळातल्या एका वहिनींनी बाजारातूनच मोबाइलवर तीन फोटो पाठवले. भुसावळला नातवाचा दुसरा वाढदिवस होता आणि दुकानात रिमोटची गाडी पसंत पडली होती. ‘भाऊ, खोक्यावर बारीक इंग्रजी आहे, काय लिहिलंय ते सांगा. दुकानदार म्हणतो, ले लो, कुछ नहीं होता.’ त्यांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या फोटोत लाल गोलात लहान मुलाचा चेहरा, खाली ०-३ आणि त्यावर आडवी रेघ होती. अनेक जण याचा अर्थ ‘शून्य ते तीन वर्षांसाठी’ असा घेतात. अर्थ नेमका उलटा आहे : तीन वर्षांच्या आतल्या मुलाला हे देऊ नये. शेजारच्या इंग्रजी ओळीचं मराठी असं : ‘३६ महिन्यांखालील मुलांसाठी योग्य नाही. लहान भाग आहेत, घशात अडकून गुदमरण्याचा धोका.’

वहिनी म्हणाल्या, ‘पण आमचा बाळ फार हुशार आहे हो.’ असेल. पण या आकड्याचा हुशारीशी संबंध नाही. तीन वर्षांच्या आतलं मूल हातात येईल ते तोंडात घालतं, म्हणून ही मर्यादा. ‘लहान भाग’ कशाला म्हणायचं याचं मापही ठरलेलं आहे. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचं, तिरक्या तळाचं एक छोटं नळकांडं असतं. जो तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावतो, तो लहान भाग. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे तोंड त्याहून थोडंच मोठं. गाडीचं सुटं होणारं चाक त्यात सहज मावेल.

दुसऱ्या फोटोत सेलबद्दलच्या सूचना होत्या. नवे आणि जुने सेल एकत्र घालू नयेत. चार्ज न होणारे सेल चार्जरला लावू नयेत. संपलेले सेल काढून ठेवावेत. चाकाच्या कचरापेटीवरची फुली म्हणजे सेल घरच्या कचऱ्यात टाकू नये. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

खरी गोष्ट तिसऱ्या फोटोत होती. ‘गाडीसाठी दोन पेन्सिल सेल, सोबत दिलेले नाहीत. रिमोटसाठी एक CR2032, सोबत दिलेला आहे.’ त्याखाली : ‘बटण सेल आहे. गिळल्यास धोकादायक.’ CR2032 मधले पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, २० मिलिमीटर, आणि शेवटचे दोन म्हणजे जाडी, ३.२ मिलिमीटर. साधारण रुपयाच्या नाण्यासारखी चकती. नाणं गिळलं तर बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातं, असा आपला अनुभव असतो. हा सेल मात्र अन्ननलिकेत अडकला की ओल्या भागातून वीज वाहू लागते, तिथे तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. सेल फुटावा लागत नाही. रिमोट चालवण्याइतकी ताकद न उरलेला सेलही हेच करू शकतो. कधी मूल फक्त लाळ गाळतं, खायला नको म्हणतं किंवा खोकतं. कधी काहीच दिसत नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढावा, उलटी करवू नये. मूल एक वर्षावरचं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, जास्तीत जास्त सहा वेळा. पण मध शोधण्यात वेळ घालवू नये.

म्हणून मी वहिनींना एकच काम सांगितलं : रिमोटचं मागचं झाकण बघा. ते स्क्रूने बंद असायला हवं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडणार नाही. यांच्या रिमोटचं झाकण नखानेच सरकलं.

आणखी एक शोधायला लावलं : आयएसआयची खूण. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. (नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना सूट आहे.) विजेवर किंवा सेलवर चालणाऱ्या खेळण्यासाठी खुणेच्या वर IS 15644 आणि खाली CM/L ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. खूण कोणीही छापू शकतो, म्हणून तो क्रमांक BIS Care या अ‍ॅपमध्ये Verify Licence Details इथे टाकावा; कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे की नाही ते दिसतं. वहिनींच्या खोक्यावर चारही बाजूंना अशी खूण नव्हती.

गाडी दुकानातच राहिली. वहिनींनी मग ‘१८ महिन्यांपासून’ लिहिलेल्या, एकात एक बसणाऱ्या मोठ्या वाट्या घेतल्या. त्यात सेल नाही आणि सर्वांत लहान वाटीही मुठीएवढी आहे. घरी आल्यावर मात्र त्यांनी फोन करून विचारलं, ‘भाऊ, आमच्या वजनकाट्याचं झाकणही नुसतं सरकतं, त्यात कोणता सेल असतो हो?’ उघडून बघितलं, तर तोच CR2032.