चार्जर लावला की स्टिरिओ का गुणगुणतो?

फोन ऑक्सच्या केबलने गाडीच्या स्टिरिओला जोडला की गाणं स्वच्छ ऐकू येतं. मॅप चालू असल्यामुळे बॅटरी उतरू लागते, म्हणून आपण चार्जर लायटरच्या सॉकेटमध्ये बसवतो आणि त्याच क्षणी स्पीकरमधून बारीक शीळ सुरू होते. ॲक्सिलरेटर दाबला की ती चढते, पाय काढला की उतरते. घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढत असेल आणि गाण्यात नुसता तानपुरा चालू असेल, तर ती शीळ अगदी नको होते.

अशा वेळी बहुतेकांचा संशय स्टिरिओवर जातो आणि नवा सेट घेण्याचा सल्लाही लगेच मिळतो. खरं तर फोन, चार्जर आणि स्टिरिओ, तिन्ही बरेचदा ठणठणीत असतात. दोष असतो तो ते एकमेकांना दोन ठिकाणी जोडले गेल्याचा. म्हणून काही विकत घेण्याआधी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून एवढं करून पाहा. गाणं थांबवा, स्टिरिओचा आवाज नेहमीइतका ठेवा आणि चार्जर उपसा. शीळ तिथेच थांबली तर तो ग्राउंड लूप आहे. चार्जर परत लावून फोनचा आवाज कमी-जास्त करून बघा. शीळ जराही बदलणार नाही, पण स्टिरिओचा आवाज वाढवला की वाढेल. म्हणजे ती फोनमधून येत नाही, वाटेत मिसळते. चार्जर आणि ऑक्स, दोन्ही काढल्यावरही आवाज राहिला तर मात्र दुखणं स्टिरिओच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये किंवा अर्थिंगमध्ये आहे, आणि पुढचे उपाय तिथे लागू पडणार नाहीत.

वाटेत मिसळते ती कशी? गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं आणि बॉडीचा पत्राच सगळ्यांची परतीची वाट होतो. स्टिरिओची अर्थिंगची वायर डॅशबोर्डमागे एका ठिकाणी पत्र्याला कसलेली असते, लायटर सॉकेटची दुसऱ्या ठिकाणी. त्या दोन जागांमधल्या पत्र्यातून आणि वायरींमधून हेडलाइटचा, पंख्याचा, अल्टरनेटरचा करंट वाहत असतो. त्यामुळे दोन्हीकडचा ‘शून्य व्होल्ट’ अगदी एकसारखा राहत नाही, थोडा फरक पडतो. गाडीचे साधे चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करतात, पण निगेटिव्ह जशीच्या तशी पुढे फोनला देतात. फोनची निगेटिव्ह ऑक्स केबलच्या बाहेरच्या जाळीतून स्टिरिओला पोचते. झालं, वेटोळं पुरं झालं. पाटाला आणखी एक दार उघडलं की थोडं पाणी तिकडूनही वाहू लागतं, तसा थोडा करंट त्या नाजूक जाळीतून जाऊ लागतो.

जाळीचा रोध धरा ०.१ ओहम आणि तिच्यातून गेला १०० मिलिअँपिअरचा चढउतार. दोन्हींचा गुणाकार होतो १० मिलिव्होल्ट. फोनकडून येणारा गाण्याचा सिग्नल मोठ्या आवाजात साधारण ५०० मिलिव्होल्ट असतो, म्हणजे हा उपद्रव त्याच्या पन्नासाव्या भागाएवढाच. पण स्टिरिओ ऑक्समधली सिग्नलची तार आणि जाळी यांच्यातला फरक मोजतो आणि तोच वाढवतो. जाळीवरचे हे १० मिलिव्होल्ट त्याला गाण्याचाच भाग वाटतात. ढोल वाजत असताना ते झाकले जातात, आलापात मात्र उघडे पडतात.

शीळ इंजिनबरोबर का चढते, याचं उत्तर अल्टरनेटरमध्ये आहे. त्याचा तीन फेजचा एसी सहा डायोडमधून जाऊन डीसी होतो, पण त्यावर बारीक लाटा उरतात. नेहमीच्या अल्टरनेटरला बारा पोल, म्हणजे सहा जोड्या असतात आणि तो इंजिनच्या साधारण अडीचपट वेगाने फिरतो. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर अल्टरनेटर २०००वर, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ फेरे. त्याला ६ जोड्यांनी आणि पुन्हा ६ लाटांनी गुणलं की १२०० हर्ट्झ येतात. इंजिन २०००वर गेलं की तीच शीळ ३००० हर्ट्झवर पोचते, आणि याच टापूत आपले कान फार तीक्ष्ण असतात.

आता उपाय. पहिला फुकटचा आहे. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवा आणि स्टिरिओचा तेवढा कमी करा. उपद्रव तेवढाच राहतो, सिग्नल वाढतो. शीळ मुळातच मंद असेल तर एवढ्यानेही भागतं.

खात्रीचा उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर. काडेपेटीएवढी ही डबी ऑक्सच्या वाटेत बसते. आत डाव्या-उजव्या चॅनलसाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. गाणं चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातं, पण अलीकडची आणि पलीकडची निगेटिव्ह एकमेकींना टेकत नाही, म्हणून वेटोळं तुटतं. त्याला वेगळी वीज लागत नाही आणि किंमत काही शे रुपये असते. स्वस्त डबीत ट्रान्सफॉर्मरचा गाभा फार लहान असतो, त्यामुळे खर्जाचे जोरदार आवाज त्याला पेलत नाहीत; डग्गा पोकळ वाटतो किंवा फाटतो. म्हणून आयसोलेटर लावल्यावर फोन पूर्ण न उघडता तीन चतुर्थांशावर ठेवावा. विकत घेताना आपल्या ओळखीचं, खर्जाचं एखादं गाणं डबीसह आणि डबीशिवाय ऐकून पाहिलं तर फरक लगेच कळतो. स्टिरिओच्या १२ व्होल्टच्या वायरवर बसवायचे नॉइज फिल्टरही दुकानात मिळतात. ते वेटोळं तोडत नाहीत, त्यामुळे या दुखण्यावर पैसे वाया जातात.

फोन पॉवर बँकेवर चार्ज केला तरी शीळ जाते, मात्र ती पॉवर बँक त्याच वेळी गाडीला लावलेली नको. ब्लूटूथ रिसीव्हर घेणारे इथेच फसतात. फोन मोकळा झाला, पण रिसीव्हर लायटरच्या चार्जरवर चालतो आणि ऑक्सने स्टिरिओला जोडलेला असतो. वेटोळं आता रिसीव्हरमधून पुरं होतं. स्वतःची बॅटरी असलेला रिसीव्हर त्या बॅटरीवर चालवला तर हा प्रश्न येत नाही. स्टिरिओला यूएसबीचं पोर्ट असून त्यातून फोनवरची गाणी वाजत असतील तर सगळ्यात उत्तम: तिथून आकडे जातात, त्यांच्यात ही शीळ मिसळत नाही.

घरात हाच प्रकार घूंऽऽ असा जाड ऐकू येतो, कारण तिथे मूळ ५० हर्ट्झची वीज आणि तिच्या पटीतले १०० हर्ट्झ असतात. फोनचा चार्जर दोन पिनांचा असला तरी त्याच्या आत विजेच्या आणि ५ व्होल्टच्या बाजूंमध्ये एक लहान कपॅसिटर असतो. त्यातून अगदी थोडा करंट झिरपतो. धातूची बॉडी असलेला फोन चार्जिंगला असताना हाताला बारीक मुंग्या येतात त्या यामुळेच. ॲम्प्लिफायर अर्थ केलेला असेल तर हा करंट ऑक्सच्या जाळीतून तिकडे जातो आणि घरघर ऐकू येते. आयसोलेटर इथेही बहुतेकदा गुण देतो. चार्जर आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावल्यानेही फरक पडू शकतो.

घरघर घालवायला ॲम्प्लिफायरच्या तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन कापणारे किंवा आत वायर न जोडणारे लोक आहेत. घरघर जाते हे खरं, पण पुढे कधी आत फेज बॉडीला टेकला तर करंटला जमिनीत जायची वाट उरत नाही. मग २३० व्होल्ट ऑक्सच्या जाळीतून थेट हातातल्या फोनपर्यंत येतात. मोठी जाड पिन आहे तशीच ठेवावी आणि तोडायचंच असेल तर वेटोळं आयसोलेटरने ऑक्सच्या वाटेवर तोडावं.