रक्तात तांबं कमी, यकृतात जास्त

एक काल्पनिक, पण पोटविकारतज्ज्ञांना सहज ओळखू येईल असा रुग्ण पाहू. 17 वर्षांचा काटकुळा मुलगा. कसल्याशा दाखल्यासाठी रक्त तपासलं, तर एसजीपीटी 110, म्हणजे दुपटीहून जास्त. दारू नाही, कावीळ नाही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ दिसतं आणि पुष्कळ घरांत प्रकरण ‘तळलेलं कमी खा’ या सल्ल्यावर मिटतं. पण पोराच्या अंगावर मूठभर मांस नाही, मग चरबी आली कुठून? इथे डॉक्टरला विल्सन आजार आठवायला हवा आणि कागदावर ‘सेरुलोप्लाझ्मिन’ लिहायला हवं.

अन्नातलं तांबं यकृतात पोचतं. यकृत त्यातलं थोडं सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनात बसवून रक्तात सोडतं, उरलेलं पित्तावाटे बाहेर टाकतं. दोन्ही कामं एटीपी7बी या जनुकावर अवलंबून असतात. आई आणि वडील दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत आली, की तांबं यकृतात साठत जातं, पुढे मेंदूतही. रक्तातलं बहुतेक तांबं सेरुलोप्लाझ्मिनमध्येच असल्यामुळे रिपोर्टात मात्र एकूण तांबं बऱ्याचदा कमीच दिसतं. ते पाहून निर्धास्त होणं हीच इथली मोठी फसगत.

आपल्या मुलाचं सेरुलोप्लाझ्मिन 17 आलं. साधारण 20 ते 40 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर नॉर्मल मानतात. 10 च्या खाली असतं तर संशय बळावला असता; 17 मात्र ना धड इकडचं, ना तिकडचं. बिघडलेली एकच प्रत असलेल्या निरोगी माणसातही ते इतकं उतरू शकतं. उलट अंगात सूज-जंतुसंसर्ग असेल, किंवा मुलगी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल, तर खरा आजार असूनही आकडा वर चढतो.

म्हणून चोवीस तासांची लघवी. सकाळची पहिली टाकून द्यायची, त्यानंतरची प्रत्येक वेळची दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसकट लॅबने दिलेल्याच कॅनमध्ये जमवायची. घरचं भांडं वापरलं, तर त्यातलं तांबं मिसळू शकतं. एखादी वेळ चुकली, तर आकडा खोटा कमी येतो. या मुलाचं तांबं 130 मायक्रोग्रॅम निघालं. 100 च्या वर आजाराची शक्यता दाट होते. नेत्रतज्ज्ञाने स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं शोधलं, ते नव्हतं. त्याने आजार बाद होत नाही, कारण फक्त यकृतावर परिणाम झालेल्या निम्म्याएक रुग्णांत ते नसतंच.

जगभर वापरल्या जाणाऱ्या लाइपझिग गुणांकनात 17 ला एक आणि लघवीला दोन, असे तीनच गुण झाले. निदानाला चार लागतात. जनुक चाचणीत दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या आणि तिढा सुटला. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन सुरू झालं. ते आयुष्यभराचं, बरं वाटतंय म्हणून स्वतःहून बंद केलं, तर यकृत अचानक निकामी होऊ शकतं.

त्याच्या 12 वर्षांच्या बहिणीचा एसजीपीटी नॉर्मल आहे. तरी तिलाही तपासायचं, कारण हाच आजार तिला असण्याची शक्यता चारात एक आहे. भावात सापडलेलेच दोन बिघाड तिच्या रक्तात शोधायचे असल्याने तिची चाचणी सोपी असते.