मानसिक कसोट्यांची मानके आणि कसोटी देणारी व्यक्ती

बुद्धिमापनाच्या कसोटीत एखाद्या मुलाला ५४ गुण मिळाले, एवढ्या विधानावरून त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही. फूटपट्टीला शून्य असते. कसोटीला तसे शून्य नसते. त्याच वयाच्या इतर मुलांना त्याच कसोटीत किती गुण मिळतात हे कळल्यावरच ५४ या आकड्याला अर्थ येतो. ‘इतर मुलांच्या’ गुणांचा हा जो तक्ता कसोटीच्या पुस्तिकेत छापलेला असतो, त्यालाच आपण मानके म्हणतो. म्हणून बुद्धिगुणांक हा व्यक्तीच्या ठायी असलेला गुण नसून व्यक्ती आणि एक विशिष्ट समूह यांच्यामधील अंतर होय. समूह बदलला की व्यक्ती तीच राहूनही अंतर बदलते. प्रस्तुत लेखात हा बदल किती व कसा होतो, आणि त्याची खूण कशी ओळखावी, याचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक कल्पित उदाहरण घेऊ. दहा वर्षांच्या एका मुलीस ५४ गुण मिळाले आहेत. पुस्तिकेतील जुन्या तक्त्याप्रमाणे त्या वयाचे मध्यमान ७५ व प्रमाण विचलन १२ आहे. मुलगी मध्यमानाच्या २१ गुणांनी, म्हणजे १·७५ प्रमाण विचलनांनी, खाली आहे. बुद्धिगुणांकाच्या श्रेणीचे मध्यमान १०० व विचलन १५ धरले, तर तिचा बुद्धिगुणांक सुमारे ७४ येतो. आता समजा की, मधल्या सतरा वर्षांत त्या वयाच्या मुलांचे मध्यमान ७९ झाले असून विचलन तेवढेच राहिले आहे. या नव्या समूहाशी तुलना केली असता मुलगी २५ गुणांनी खाली पडते व बुद्धिगुणांक ६९ येतो. उत्तरपत्रिकेतील एकही उत्तर बदललेले नाही. परंतु बौद्धिक अक्षमतेच्या निदानात जी ७० ची सीमा सामान्यतः पाहिली जाते, तिच्या एका बाजूची मुलगी दुसऱ्या बाजूस गेली. जुना तक्ता वापरणारा परीक्षक तिला ‘सीमेवरची’ म्हणून परत पाठवील, आणि तिला मिळावयास हवे असलेले साहाय्य मिळणार नाही.

मध्यमानाची ही वाढ केवळ कल्पनेतील नाही. जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली अमेरिकेतील कसोट्यांच्या मानकांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहिले. १९३२ ते १९७८ या काळात तेथील बुद्धिगुणांक सुमारे १४ अंकांनी, म्हणजे वर्षास साधारण ०·३ अंकाने वाढल्याचे त्यांस आढळले. मुलांसाठी असलेली वेश्लर यांची मापनश्रेणी १९७४ साली सुधारून निघाली होती व तिची पुढील आवृत्ती १९९१ मध्ये आली. वरील गतीने या सतरा वर्षांत सुमारे ५ अंकांचा फरक पडावयास हवा होता. कनाया, स्कलिन आणि सेसी यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सीमेजवळची जी मुले जुन्या आवृत्तीनंतर नव्या आवृत्तीने पुन्हा तपासली गेली, त्यांचे गुणांक सरासरीने ५·६ अंकांनी उतरलेले दिसले.

पाच अंकांचा फरक मध्यभागी क्षुल्लक वाटतो, परंतु टोकाकडे तो फार मोठा होतो. गुणांचे वितरण प्रसामान्य मानले, तर ७० च्या खाली शेकडा २·३ मुले येतात. तक्ता जुना झाल्यामुळे समूहाचे मध्यमान १०० ऐवजी १०५ दिसू लागले, की ७० च्या खाली शेकडा १ च मूल उरते. म्हणजे निम्म्याहून अधिक मुले निदानातून निसटतात. आणि नवा तक्ता आला की तशी मुले एकाएकी दुपटीहून अधिक झालेली दिसतात. मुलांमध्ये काही घडलेले नसते. पट्टी बदललेली असते.

परक्या मानकांचा दोष याहून निराळा आहे. काल जसा समूहाला पुढे सरकवतो, तशी भाषा खुद्द प्रश्नाचीच काठिण्यपातळी हलवते. अंकस्मरणाची परीक्षा सर्व भाषांत सारखीच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे, कारण अंक सर्वांना ठाऊक असतात. परंतु एलिस व हेनेली यांनी १९८० साली दाखविले की, वेल्श भाषेतील अंकांचे उच्चार इंग्रजीहून अधिक वेळ घेतात. अंक लक्षात ठेवताना मनातल्या मनात उच्चारले जात असल्याने वेल्शमधून परीक्षा दिल्यास कमी अंक स्मरणात राहतात. उच्चार रोखून धरला असता हा फरक नाहीसा होतो. इंग्रजीभाषक अमेरिकन मुलांच्या तक्त्यावर वेल्श मुलाची स्मृती दुबळी ठरते, ती केवळ शब्दांच्या लांबीमुळे. तेव्हा निर्दोष भाषांतर झाले तरी मूळ भाषेतील तक्ता आपोआप लागू होत नाही.

आपल्याकडे ही अडचण पूर्वीच ओळखली गेली होती. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने-कसोट्या मराठी व कानडी मुलांवर वापरून पाहिल्या आणि १९४० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. पुढे नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी वेश्लर यांच्या मापनश्रेणीचे भारतीय रूपांतर केले. त्याची मानके विसाव्या शतकाच्या सातव्या दशकातील व त्यानंतर लगेचच्या काळातील आहेत, आणि अध्ययन-अक्षमतेच्या तपासणीसाठी केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक तत्त्वांतही याच श्रेणीचे नाव होते. अशा ठिकाणी परीक्षकास मोह होतो तो अमेरिकेतील ०·३ ची गती लावून जुना गुणांक ‘दुरुस्त’ करण्याचा. हा मार्ग सदोष आहे. ती गती त्या देशातील त्या काळाची आहे. नॉर्वे आणि डेन्मार्क येथे तर पुढे ही वाढ थांबून उलटली. शिवाय जुन्या श्रेणीत दोन विरुद्ध दोष एकाच वेळी असू शकतात. आकृतिबंधाच्या कसोटीत आजचे मूल पुढे गेलेले असेल, तर शब्दसंग्रहात वापरातून गेलेल्या शब्दांमुळे मागे पडेल. एकूण गुणांकात दोन्ही दोष परस्परांस झाकतात व वरवर सारे ठीक दिसते.

मग मानके शिळी वा परकी झाली हे ओळखावे कसे? एक खूण समूहात मिळते. सर्वसाधारण शाळेतील, निवड न केलेल्या मुलांचा एखादा गट तपासला आणि त्याचे मध्यमान १०० पासून स्पष्टपणे दूर आले, तर शंका मुलांविषयी नव्हे, तक्त्याविषयी घ्यावी. दुसरी खूण प्रश्नांच्या क्रमात असते. वेश्लरच्या पद्धतीत प्रश्न सोप्याकडून कठिणाकडे जातात व ठराविक संख्येने सलग उत्तरे चुकली की परीक्षा थांबवतात. नव्या समूहात हा क्रम विस्कटला असेल, तर मूल आधीच्या अवघड प्रश्नांवर अडते आणि पुढचे त्याला येणारे प्रश्न त्याच्यासमोर येतच नाहीत. थांबल्यानंतरचे काही प्रश्न, गुण न देता, विचारून पाहिल्यास हे उघड होते.

तथापि समूह जितका जवळचा तितका चांगला, असेही नाही. ज्या वस्तीत कोणतीच मुले नीट शाळेत जाऊ शकत नाहीत, तेथील मुलांचा स्वतंत्र तक्ता केला, तर प्रत्येक मूल ‘सरासरीचे’ ठरेल आणि शिक्षणाचा अभाव अदृश्य होईल. मुलाच्या मेंदूस इजा झाली आहे काय, हा प्रश्न असता त्याच्यासारखे शिक्षण मिळालेला समूह योग्य. सामान्य वर्गात ते टिकेल काय, हा प्रश्न असता त्या वर्गातील मुलांचा समूह योग्य. मानके व्यक्तीशी जुळावयास हवीत याचा अर्थ, विचारलेल्या प्रश्नाच्या दृष्टीने जुळावयास हवीत. म्हणून अहवालात बुद्धिगुणांकाशेजारी मानकांचे वर्ष, स्थळ व भाषा लिहिणे अवश्य आहे. ७४ हा आकडा कोणाच्या तुलनेने, हे ज्या अहवालात नाही, त्याच्या आधारे मुलाविषयी निर्णय घेणाऱ्यास तो निर्णय तपासून पाहण्याचा मार्गच उरत नाही.